कार्यशाळेआधी ड्युटीचा तक्ता बदला: नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्यांना खुले पत्र

मा. प्राचार्य, क्लिनिकल समन्वयक आणि वेळापत्रक समितीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

येत्या रविवारी सकाळी १० ते १ या वेळेत ‘वेळेचे नियोजन आणि ताणमुक्ती’ ही कार्यशाळा दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सक्तीची केल्याची सूचना फलकावर लागली आहे. जो गैरहजर राहील त्याला भरपाईची म्हणजे मेकअप ड्युटी लागेल, असेही तिच्यात म्हटले आहे. त्याच फलकावर सोमवारपासूनच्या पोस्टिंगचा तक्ता मात्र अजून लागलेला नाही. या दोन गोष्टी शेजारी शेजारी पाहिल्यावर गप्प बसणे आम्हाला जमले नाही, म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहीत आहोत, कारण ते विद्यार्थ्यांनी, त्यांच्या घरच्यांनी आणि इतर कॉलेजांत तक्ते बनवणाऱ्यांनीही वाचावे असे आम्हाला वाटते.

आम्ही वॉर्डात विद्यार्थ्यांसोबत उभे राहणारे क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहोत. लॉगबुकवर सही आमची असते. औषधांच्या ट्रॉलीपाशी विद्यार्थ्याने चुकीचा डोस काढला तर त्याचा हात धरण्याची जबाबदारीही आमचीच. तक्ता बनवताना आमच्यातल्या काहींना विचारले जाते आणि आजवर आम्हीही त्यावर मान डोलावत आलो. तेव्हा पुढे जे लिहिले आहे त्यातला काही दोष आमच्याही पदरात पडतो, हे आधीच मान्य करतो.

विद्यार्थ्यांना वेळेचे नियोजन जमत नाही, असे कार्यशाळेने गृहीत धरले आहे. ते खरे आहे का, हे पाहण्यासाठी आम्ही एक आठवडा तासातासाने मांडला. तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी धरा. घरी लहान मूल आहे, आजारी सासूबाई आहेत, कॉलेजला यायला पाऊण तास आणि परतायला पाऊण तास लागतो. आठवड्यात तिच्या ४ ड्युट्या आणि २ दिवस लेक्चर व प्रात्यक्षिके. आपल्या कागदावर याचे तास होतात ४४: ड्युटीचे ३२ आणि वर्गाचे १२.

आता कागदाबाहेरचे तास पाहा. सात वाजताच्या ड्युटीला ६.४० ला हजर राहावे लागते आणि पुढच्या शिफ्टला रुग्णांची माहिती सोपवून, म्हणजे हँडओव्हर देऊन, युनिफॉर्म बदलून बाहेर पडेपर्यंत ठरलेल्या वेळेवर २५ मिनिटे जातात. म्हणजे दर ड्युटीला पाऊण तास जास्त, चार ड्युट्यांचे ३ तास. सहा दिवसांचा प्रवास ९ तास. रुग्णाच्या शुश्रूषेची लेखी आखणी म्हणजे केअर प्लॅन, असे दोन प्रत्येकी ४ तास, शिवाय प्रोसिजर बुक आणि ड्रग बुक मिळून ३, असे लिखाणाचे ११ तास. वाचनाला अगदी हात आखडून धरले तरी ८. आपले ४४ तास इथेच ७५ होतात. घरचे काम आणि माणसांची देखभाल रोज साडेतीन तास, म्हणजे २४.५. अंघोळ, जेवण, युनिफॉर्म धुणे-इस्त्री रोज २ तास, म्हणजे १४. झोप रात्रीची साडेसात तास, म्हणजे ५२.५. एकूण बेरीज १६६.

आठवड्यात तास १६८ असतात. तिच्या हाती उरतात २.

या हिशोबात मैत्रिणीशी बोलणे नाही, दवाखान्यात सासूबाईंना दाखवून आणणे नाही, चुकलेली बस नाही. जी मुलगी १६८ पैकी १६६ तास जागच्या जागी बसवते आहे तिला नियोजन शिकवायची गरज नाही, तिला तास हवे आहेत. आणि रविवारची कार्यशाळा प्रवास धरून तिचे साडेचार तास घेणार आहे. शिल्लक दोनाची, खर्च साडेचाराचा. उरलेले अडीच तास कुठून येतील हे आम्हाला ठाऊक आहे, कारण सोमवारी सकाळी ती आमच्यासमोर उभी असते. ते झोपेतून येतात.

आमची पहिली तक्रार तक्ता उशिरा लागण्याबद्दल आहे. रविवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तक्त्याचा फोटो येतो आणि सोमवारी सकाळी ड्युटी सुरू होते. एकट्या विद्यार्थ्याला हे कसेबसे निभावता येते. ज्याच्यावर घरात कोणी अवलंबून आहे त्याला नाही, कारण त्याची ड्युटी म्हणजे घरातल्या आणखी दोन-तीन माणसांचे वेळापत्रक असते. इव्हनिंग लागली तर मुलाला शाळेतून कोण आणणार, नाईट लागली तर सासूबाईंचे रात्रीचे औषध कोण देणार, हे कोणाला तरी आधी विचारावे लागते. आयत्या वेळी विचारले की लोक दोनदा हो म्हणतात, तिसऱ्यांदा नाही. मग ड्युटी चुकते आणि त्या चुकलेल्या ड्युटीला आपण बेजबाबदारपणा म्हणतो.

मास्टर रोटेशन प्लॅन वर्षाच्या सुरुवातीला तयार असतोच. कोणता गट कोणत्या महिन्यात कोणत्या वॉर्डात, हे तेव्हाच ठरते. अडते ते फक्त कोणाला कोणती शिफ्ट, यावर. तेव्हा तक्ता ४ आठवडे आधी लागावा. त्यानंतर बदल करायचा झाल्यास किमान ७ दिवस आधी कळवावा. आणि एकाच वर्षाच्या, एकाच वॉर्डातल्या दोन विद्यार्थ्यांनी आपसात ड्युटी बदलायचे ठरवले, तर वॉर्ड सिस्टर आणि इन्स्ट्रक्टर या दोघांच्या सहीने ती बदलता यावी. आज त्यासाठी अर्ज चार टेबलांवरून फिरतो आणि परवानगी येईपर्यंत ड्युटीचा दिवस उलटून गेलेला असतो.

दुसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबून बोलतो. इव्हनिंगनंतर लगेच मॉर्निंग आणि नाईटनंतर लगेच लेक्चर, या दोन जोड्या तक्त्यात सर्रास दिसतात.

इव्हनिंग साडेनऊला संपते आणि मॉर्निंग सातला सुरू होते. कागदावर मधे साडेनऊ तास आहेत. प्रत्यक्षात हँडओव्हर देऊन निघायला ९.५५ होतात, घरी पोहोचायला १०.४०. सकाळी ६.४० ला वॉर्डात असायचे तर घर ५.५५ ला सोडावे लागते. घरात मिळाले सव्वासात तास. जेवण, आवराआवर, सकाळची तयारी यांना दीड तास दिला तर झोपेला राहिले पावणेसहा, तेही अंथरुणाला पाठ टेकताच झोप लागली तर. रात्री दहापर्यंत वॉर्डात धावपळ केलेल्या माणसाला ती तशी लागत नाही, हे ड्युटी केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. युरोपीय संघाच्या कामाच्या वेळेबाबतच्या २००३ च्या निर्देशात रोजच्या कामानंतर सलग ११ तासांची विश्रांती सांगितली आहे. ते कर्मचाऱ्यांसाठी आहे आणि आपण त्या कायद्याने बांधलेले नाही. पण ११ हा आकडा काढताना लोकांनी प्रवास, जेवण आणि झोप यांचाच विचार केलेला असणार, आणि विद्यार्थ्याचे शरीर काही वेगळ्या मातीचे नसते.

शिफ्टच्या क्रमाचाही विचार व्हावा. शरीराचे आतले घड्याळ मुळात २४ तासांपेक्षा किंचित लांब असते. त्यामुळे उशिरा झोपणे त्याला लवकर झोपण्यापेक्षा सोपे जाते. मॉर्निंग, मग इव्हनिंग, मग नाईट असा पुढे सरकणारा क्रम सोसवतो. नाईटवरून इव्हनिंग आणि इव्हनिंगवरून मॉर्निंग असा उलटा क्रम त्रास देतो. यासाठी जास्तीचे मनुष्यबळ लागत नाही, तक्त्यातले रकाने फक्त उलटे भरायचे आहेत.

आता नाईट. पहिल्या नाईटचा दिवस पाहू. विद्यार्थिनी सकाळी ६ ला उठली, कारण मुलाची शाळा. दुपारी डोळा लागला नाही, कारण घर जागे होते. रात्री ११ ला ड्युटी सुरू झाली. पहाटे ६ च्या औषधांच्या राउंडला ती ट्रॉलीपाशी उभी राहते तेव्हा तिला जागे राहून २४ तास झालेले असतात. १९९७ साली ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी ‘नेचर’मध्ये एक प्रयोग मांडला. १७ तास सलग जागरण झाल्यावर हात आणि डोळे यांच्या मेळाची चाचणी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरली, आणि २४ तासांनंतर साधारण ०.१० टक्क्यांइतकी. मद्य घेतलेल्या विद्यार्थ्याला आपण वॉर्डाच्या दारातूनच परत पाठवू.

याचा परिणाम कसा दिसतो ते एका सलाईनवर दाखवतो. डॉक्टरांनी लिहिले आहे: ५०० मिली सलाईन ४ तासांत. सेटवर लिहिले आहे: २० थेंबांना १ मिली. गणित असे: ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटे, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. दमलेला विद्यार्थी सूत्र विसरत नाही, ते पाठ असते. तो विसरतो हातातल्या सेटवरचा आकडा वाचायला. आदल्या वॉर्डात १५ थेंबांचा सेट होता, तोच डोक्यात बसलेला असतो, आणि मिनिटाला ३१ थेंब लावले जातात. चार तासांचे सलाईन ५ तास २० मिनिटे चालते. चूक उलटी झाली, म्हणजे १५ च्या सेटवर ४२ थेंब लावले, तर तेच सलाईन ३ तासांत शरीरात जाते, आणि हृदय कमकुवत असलेल्या रुग्णाला ती घाई भोवू शकते. असे गणित पहाटे चुकले की आम्ही ते पकडतो. पण चार विद्यार्थी आणि एक इन्स्ट्रक्टर असताना प्रत्येक थेंब मोजला जातोच, असे छातीठोकपणे आम्ही सांगू शकत नाही.

हीच विद्यार्थिनी सकाळी १० च्या लेक्चरला बसते तेव्हा २८ तास झालेले असतात. हजेरीच्या रजिस्टरवर ती असते. वहीत तिचे अक्षर तिसऱ्या ओळीनंतर खाली घसरत गेलेले दिसते. त्या तासातले तिच्याकडे काहीही उरत नाही, मग तो धडा ती पुन्हा घरी वाचते, आणि तेवढे तास पुन्हा झोपेतून जातात.

म्हणून आमची मागणी अशी आहे. दोन ड्युट्यांमध्ये, किंवा ड्युटी आणि लेक्चरमध्ये, किमान ११ तास असावेत. नाईटनंतरच्या दिवशी वर्ग नसावा आणि त्या दिवसाची हजेरी ड्युटीतच धरली जावी. नाईटच्या मधल्या वेळात २० मिनिटे आडवे होण्याची लेखी परवानगी असावी. वीसच मिनिटे का, तर अर्ध्या तासाच्या पुढे झोप खोल जाते आणि उठल्यावर डोके जड राहते. उठल्यानंतर पहिली १५ मिनिटे औषधांना हात लावायचा नाही, हाही नियम त्यासोबत हवा. पहिल्या नाईटच्या संध्याकाळी विद्यार्थ्याने दीड तास झोपून यावे, शेवटची चहा-कॉफी रात्री २ च्या आत घ्यावी (कॅफिनचा निम्मा अंमल उतरायला साधारण पाच तास लागतात), आणि घरी पोहोचल्यावर खोली अंधारी करून सलग चार तास तरी झोपावे, राहिलेली झोप संध्याकाळी पुरी करावी. हे आम्ही सांगतोच. पण सकाळी दहाचे लेक्चर असेल तर यातले शेवटचे काहीच पाळता येत नाही.

तिसरी तक्रार लिखाणाची. आठवड्याला दोन केअर प्लॅन मागितले जातात आणि एकाला चार तास लागतात. हे चार तास कशात जातात ते वह्या तपासणाऱ्याला कळते. पुस्तकातून आजाराची व्याख्या, कारणे, लक्षणे, तपासण्या उतरवण्यात अडीच तास. औषधांची माहिती उतरवण्यात पाऊण तास. आणि समोरच्या रुग्णासाठी उरतो पाऊण तास, तोही रात्री, घरी, रुग्ण समोर नसताना. याची खूण सोपी आहे. मूल्यमापनाच्या रकान्यात सगळीकडे एकच वाक्य असते, ‘उद्दिष्ट अंशतः साध्य’. रुग्णाला पुन्हा पाहून कोणी ते लिहिलेले नसते.

पोटाच्या शस्त्रक्रियेचा दुसरा दिवस असलेला रुग्ण घ्या. त्याचा केअर प्लॅन एका पानात बसतो. अवलोकन: वेदना १० पैकी ७, खोकायचे टाळतो, श्वास उथळ, सकाळपासून उठला नाही. प्राधान्याच्या दोनच समस्या: जखमेमुळे तीव्र वेदना, आणि न खोकल्यामुळे छातीत कफ साठण्याचा धोका. उद्दिष्ट: ड्युटी संपण्याआधी वेदना ४ वर, आणि रुग्ण आधाराने खुर्चीपर्यंत चालतो. कृती: वेदनाशामक दिल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा वेदना विचारणे, पोटाशी उशी धरून खोकायला शिकवणे, दर तासाला दीर्घ श्वास घ्यायला लावणे, औषधाचा गुण आल्यावरच उठवणे. मूल्यमापन: दीड वाजता वेदना ४, दोनदा खोकला, खुर्चीत दहा मिनिटे बसला. हे ४५ मिनिटांत, वॉर्डातच, रुग्णाच्या खाटेपाशी जाऊन-येऊन लिहून होते आणि त्यात विद्यार्थी विचार करतो.

तेव्हा आठवड्याला असा एक एकपानी केअर प्लॅन ड्युटीच्या वेळेतच लिहून घ्यावा. त्यासाठी शिफ्टच्या शेवटच्या दोन तासांत ४५ मिनिटे राखून ठेवावीत, त्या वेळात विद्यार्थ्याला नमुने पोचवायला किंवा स्टोअरमध्ये पाठवू नये. सविस्तर केस स्टडी चार आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये एक पुरे, त्याला आठ तास लागले तरी आठवड्याला दोनच पडतात. आज घरी ८ तास जातात ते २ होतील. वरच्या हिशोबातली २ तासांची शिल्लक ८ होईल. आम्ही सुचवत असलेल्या सगळ्या बदलांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा बदल हाच आहे.

चौथी गोष्ट मेकअप ड्युटीची. मुलाला ताप आला आणि विद्यार्थिनी एक दिवस आली नाही, तर तिला दोन ड्युट्या भराव्या लागतात. एका ड्युटीचे प्रवासासह सव्वादहा तास होतात, दोनांचे साडेवीस. आठवड्याला दोन तास शिल्लक असलेल्या माणसाने ते फेडायचे म्हटले तर दहा आठवडे लागतात, आणि तोवर घरात दुसरे कोणीतरी आजारी पडते. दुप्पट भरपाईने हजेरी सुधारत नाही. उलट ताप असतानाही विद्यार्थी ड्युटीला येतात, खोकत वॉर्डात फिरतात, आणि संसर्गाचे धडे आपणच त्यांना शिकवलेले असतात. जितके तास बुडले तितकेच भरून घ्यावेत, सत्र संपण्याआधी, विद्यार्थ्याने सुचवलेल्या दोन-तीन तारखांपैकी एकीला. नोंदणीसाठी लागणारे क्लिनिकल तास पूर्ण झालेच पाहिजेत, त्यात सूट आम्ही मागत नाही.

याला जोडूनच, घरी कोणाची जबाबदारी आहे ही माहिती प्रवेशानंतर एकदाच, एका ठरलेल्या मेंटर शिक्षकाने घ्यावी आणि ती त्याच्यापाशीच राहावी. आज विद्यार्थ्याला वडिलांचे डायलिसिस किंवा आईचे मानसिक आजारपण प्रत्येक टेबलापाशी नव्याने सांगावे लागते. बरेच जण सांगायचेच सोडून देतात.

आता ताणाबद्दल. सूचनेत ताणमुक्ती हा शब्द आहे, तेव्हा ताण वॉर्डात कसा ओळखू येतो हे सांगणे आमचे काम आहे. रडणारा विद्यार्थी सगळ्यांना दिसतो. आम्हाला काळजी वाटते ती ताप, नाडी आणि श्वसन नोंदवायच्या टीपीआर चार्टवर बारा रुग्णांपुढे श्वसनाचा आकडा २० लिहिलेला दिसतो तेव्हा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो, बारा रुग्णांची बारा मिनिटे होतात. ती बारा मिनिटे ज्याच्याजवळ नाहीत, किंवा ज्याला आता त्याने काही फरक पडेल असे वाटेनासे झाले आहे, तो २० लिहून पुढे जातो. त्याच्यावर ओरडून चार्ट सुधारतो आणि माणूस तसाच राहतो. अशा वेळी आम्ही दोन प्रश्न विचारतो: काल किती तास झोपलास, आणि आज काय खाल्लेस. उत्तरांतून बहुतेक वेळा कळते की हा प्रश्न तासांचा आहे की त्याहून खोलवरचा. दोन आठवडे झोप उडालेली आहे, भूक नाही, पूर्वी आवडणाऱ्या वॉर्डातही मन लागत नाही, असे असेल तर ते वेळापत्रकाने सुटणारे नाही. त्याला समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला हवे. आणि ‘जगावेसे वाटत नाही’ असे अर्धवट शब्दांत जरी कोणी बोलले, तरी त्याच दिवशी, एकटे न सोडता. समुपदेशकाची वेळ सध्या बुधवारी ११ ते १ आहे, म्हणजे नेमकी सगळे वॉर्डात असतात तेव्हा. ती दुपारी ३.३० नंतर हवी, आणि तिथे जाण्यासाठी आमच्या सहीची अट नको.

विद्यार्थ्याच्या हाताखालचा पहिला मृत्यू हा वेगळा प्रसंग आहे. त्यानंतर बहुतेक वेळा त्याला पुढच्या खाटेकडे पाठवले जाते, कारण काम थांबत नसते. आम्हाला फक्त १५ मिनिटे हवी आहेत, त्याच शिफ्टमध्ये, वॉर्डाबाहेरच्या एखाद्या खोलीत. त्यात चार गोष्टी विचारायच्या: काय घडले, त्यात तू काय केलेस, त्यातले काय डोळ्यांपुढून हटत नाही, आणि आज घरी कोण आहे. यातला दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. विद्यार्थ्याला बऱ्याचदा वाटत असते की शेवटचे बीपी आपण उशिरा घेतले म्हणून रुग्ण गेला. घडलेला क्रम वेळेनिशी मांडून दाखवला की तो समज बहुधा तिथेच फिटतो. नाही फिटला तर तो विद्यार्थी रात्र रात्र तेच बीपी पुन्हा घेत राहतो.

कार्यशाळेला आमचा विरोध नाही, तिच्या वेळेला आणि ती बदलांच्या जागी वापरली जाण्याला आहे. ती ड्युटीच्या तासांत घ्या, तीन आठवडे दर आठवड्याला एक तास, वॉर्डातच, आणि तिच्यात वॉर्डातले नियोजन शिकवा. ते खरोखर शिकवण्यासारखे आहे. हँडओव्हर घेताना नवखा विद्यार्थी रुग्णागणिक कामे लिहितो: खाट ३, खाट ४, खाट ५. मग तो खाट ३ चे सगळे आटोपून ४ कडे जातो, आणि खाट ५ चे जेवणाआधीचे इन्सुलिन जेवणानंतर आठवते. त्याऐवजी तळहाताएवढ्या कागदावर डावीकडे तास लिहावेत: ७, ८, ९ असे ३ पर्यंत. घड्याळाला बांधलेली कामे आधी त्या त्या तासासमोर मांडायची: इन्सुलिन, आठची आणि बाराची औषधे, दर दोन तासांनी कूस बदलणे, ऑपरेशनला पाठवायची वेळ. दुसऱ्या कामावर अवलंबून असलेली कामे नंतर, बाणाने जोडून: वेदनाशामक, मग अर्ध्या तासाने ड्रेसिंग. आणि कधीही चालणारी कामे, जसे स्पंज, केस विंचरणे, आरोग्य शिक्षण, उरलेल्या फटींत. दर दोन तासांनी कागद काढून एकदा पाहायचा. शेवटचा तास मुद्दाम मोकळा ठेवायचा, कारण नवा रुग्ण नेमका तेव्हाच दाखल होतो. हे शिकलेला विद्यार्थी वेळेवर बाहेर पडतो, आणि वर मोजलेली ती २५ मिनिटे कमी होतात. ही तीन सत्रे घ्यायला आम्ही तयार आहोत, वेगळे मानधन न घेता.

अभ्यासाबद्दल एकच. विद्यार्थी सहा दिवस थोडेच वाचतात आणि सुट्टीच्या दिवशी पाच तास बसतात. तो दिवसही आपण घेतला तर ते पाच तासही जातात. रोजच्या प्रवासात २० मिनिटे, पुस्तक मिटून, आज पाहिलेल्या एका रुग्णाबद्दल स्वतःला पाच प्रश्न विचारले तर ते जास्त टिकते. पण ज्याला बसमध्ये बसल्या बसल्या झोप लागते त्याला हा सल्ला देण्यात अर्थ नाही, म्हणून आधी झोपेचे बघा असे आम्ही म्हणतो.

रविवारची सक्ती आणि तिच्याशी जोडलेली मेकअप ड्युटी मागे घेतल्याची सूचना शुक्रवारी दुपारपर्यंत फलकावर लागावी, आणि तिच्या शेजारी सोमवारपासूनच्या चार आठवड्यांचा तक्ता. त्या तक्त्यात ११ तासांचे अंतर कुठे मोडते ते तपासून द्यायला आमच्यातले दोघे गुरुवारी ड्युटीनंतर थांबतील. बाकीच्या मागण्यांवर या महिन्याच्या बैठकीत विद्यार्थ्यांचे दोन प्रतिनिधी समोर बसवून चर्चा व्हावी. ती बैठक साडेतीननंतर ठेवावी, म्हणजे प्रतिनिधींना ड्युटी बुडवून यावे लागणार नाही.

आपले,
क्लिनिकल विभागातील इन्स्ट्रक्टर